बॅट वाजवून घ्यावी

"नऊ, दहा, अकरा, बारा. मामा, बारा ग्रेन!" भाच्याने काउंटरवर आडव्या ठेवलेल्या बॅटवरच्या उभ्या रेषांवरून नख फिरवत मोजलं आणि मान वर केली. धोबीतलावच्या एका दुकानात आम्ही उभे होतो. पोरगा इतकी वर्षं सोसायटीत टेनिस बॉलवर खेळलेला. आता एका क्लबात नाव घातलं होतं, आठवड्यातून दोनदा नेट्स आणि शनिवार-रविवारी सामने, सगळं सीझन बॉलवर. पहिली स्वतःची इंग्लिश विलो घ्यायची, बजेट १५ हजार. घरून निघतानाच त्याने ठरवलं होतं की ग्रेड वन आणि किमान दहा ग्रेन, त्याखाली काही बघायचंच नाही.

हे दोन आकडे त्याच्यासारख्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात पक्के बसलेले असतात, आणि चुकीचे म्हणावेत असे ते नाहीतच. पण चेंडू बॅटवर आदळल्यावर काय होईल हे ज्यावर सगळ्यात जास्त ठरतं, ती गोष्ट या दोन्हींत नाही. ती आहे प्रेसिंग, म्हणजे पातं घडताना लाकूड दाबून घट्ट करणं. बॅटवर ते कुठे लिहिलेलं नसतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून दुकानात त्याविषयी कोणी विचारत नाही. त्या दिवशी आम्ही तीन बॅटी समोर ठेवून तास-दीड तास घालवला. त्याच तीन बॅटींच्या आधाराने सांगतो.

आधी लाकूड काय असतं ते बघू. इंग्लिश विलो म्हणजे साध्या पांढऱ्या विलोचीच एक जात, शास्त्रीय नाव सॅलिक्स आल्बा कोएरुलिया. इंग्लंडात, मुख्यतः एसेक्स आणि सफोक भागात, ओढ्या-नद्यांच्या काठच्या ओलसर जमिनीवर ही झाडं मुद्दाम बॅटींसाठी लावतात. साधारण १५ ते २० वर्षांत खोड पुरेसं जाड झालं की झाड तोडतात, बॅटीच्या पात्याच्या लांबीचे ओंडके करतात आणि कलिंगडाच्या फोडींसारख्या त्यांच्या फाका पाडतात. फाकांच्या दोन्ही टोकांना मेण लावून त्या महिनोन्महिने वाळवतात. मेण नसेल तर टोकं आधी वाळून तडकतात. मग यातल्या कितीतरी फाका मेरठला आणि जालंधरला येतात आणि तिथे त्यांच्या बॅटी होतात.

काश्मीर विलोही याच कुळातली. अनंतनागच्या बाजूला, जम्मू-श्रीनगर महामार्गाने जाताना संगमजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना फाकांच्या थप्प्याच्या थप्प्या रचलेल्या दिसतात, ते हे लाकूड. ते जरा तपकिरी, जास्त घट्ट आणि म्हणून त्याच आकाराला जास्त वजनदार असतं. टेनिस बॉलला चालतं, सीझन बॉलच्या नेट्सलाही चालून जातं, पण चेंडू परत फेकण्याची ती उसळी त्यात कमी. पांढरं करून इंग्लिश म्हणून खपवलेली काश्मीर विलो बाजारात सापडते. रंगावर विसंबू नका. आकाराच्या मानाने हाताला जड लागते का ते बघा, आणि किंमत अविश्वसनीय वाटली तर विश्वास ठेवू नका.

आता ग्रेड. फाक कापली गेल्यावर विकणारा तिची पहिली प्रतवारी करतो, आणि बॅट घडल्यावर बनवणारा पुन्हा करतो, कारण रंधा मारल्यावर आतून डाग, ठिपके, एखादी छोटी गाठ वर येते. या प्रतवारीत बघितलं जातं ते दिसणं. रेषा सरळ आहेत का, सारख्या अंतरावर आहेत का, पुढच्या बाजूवर डाग किती, एका कडेला लालसर पट्टा किती रुंद. रेषा सरळ आणि चेहरा स्वच्छ तर ग्रेड वन, त्यातही फार देखणी असेल तर वन प्लस. थोडे डाग किंवा रुंद लाल पट्टा आला की ग्रेड टू. त्याखाली थ्री आणि फोर, आणि यांतल्या बऱ्याच बॅटी डाग झाकायला ब्लीच केलेल्या किंवा वरून पट्टी चिकटवलेल्या असतात.

सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच मोजमाप कुठेही नाही. एका कंपनीची ग्रेड टू ही दुसरीच्या ग्रेड वनपेक्षा चांगली असू शकते. त्यामुळे ग्रेडची तुलना करायची तर एकाच कंपनीच्या बॅटींमध्ये करावी. दोन कंपन्यांमध्ये त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

ज्या डागांमुळे ग्रेड खाली येते, त्यांतले बरेचसे खेळाच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात. लाल पट्टा म्हणजे झाडाच्या गाभ्याचं लाकूड. बॅट मुख्यतः बाहेरच्या पांढऱ्या लाकडाची असते आणि एका कडेला गाभ्याचा थोडा भाग येतो, इतकंच. तो किंचित घट्ट असतो. फुलपाखराच्या पंखांसारखे छोटे गडद डाग दिसतात, त्यांना बटरफ्लाय म्हणतात. दिसायला नकोसे वाटतात, पण अनेक बॅट बनवणारे हे लाकूड उलट चिवट असतं म्हणून सांगतात. माझ्या हाताखालून अशा डागांच्या दोन बॅटी गेल्या आणि दोन्ही डागाच्या जागी कधी फुटल्या नाहीत. काळजी करायची ती गाठीची, जर ती कडेवर किंवा चेंडू लागतो त्या पट्ट्यात असेल तर. पाठीवर, खांद्याजवळ असेल तर मी सोडून देतो.

ग्रेनचं गणित सोपं आहे. पात्यावर वरून खाली जाणारी प्रत्येक रेषा म्हणजे झाडाचं एक वर्ष. नियमाप्रमाणे पात्याची रुंदी १०८ मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यात सात ग्रेन असतील तर दर वर्षाला साधारण १५ मिलिमीटर वाढ झाली, म्हणजे झाड भराभर वाढलं. बारा असतील तर दर वर्षाला नऊ मिलिमीटर, म्हणजे झाड सावकाश वाढलं. ग्रेन जास्त म्हणजे लाकूड जास्त चांगलं, असा याचा अर्थ होत नाही. त्यातून लाकडाच्या वागण्याचा अंदाज येतो. दाट रेषांची बॅट लवकर खुलते, पहिल्या काही आठवड्यांतच चेंडू छान सुटायला लागतो, पण तिचं आयुष्य सहसा कमी. विरळ रेषांची बॅट सुरुवातीला अंग चोरते, तिला जास्त ठोकावं लागतं, पण एकदा खुलली की बराच काळ टिकते. वर्षाला दोन-चार बॅटी हातात येणाऱ्या खेळाडूने बारा ग्रेन घ्यावेत. ज्याला एकच बॅट दोन सीझन पुरवायची आहे, त्याला सहा ते नऊच्या मधली बॅट जास्त शोभते.

संख्येपेक्षा मी दिशा जास्त बघतो. बॅट डोळ्यांच्या रेषेत धरून खांद्यापासून टोपर्यंत, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकापर्यंत, एक रेषा नखाने ओढत न्या. ती शेवटपर्यंत पात्यावरच राहते की मधूनच कडेवरून निसटून जाते? निसटत असेल तर त्या जागी लाकडाचे तंतू कडेला कापले गेलेत, आणि कडेवर चेंडू लागला की चीर तिथून उघडण्याचा धोका जास्त. मग बॅट उलटी करून टो बघा. चेहऱ्यावरच्या त्याच रेषा टोच्या टोकावर समोरून पाठीकडे सरळ गेलेल्या दिसल्या पाहिजेत. फार तिरप्या असतील तर फाक नीट कोनात पडलेली नाही. टोवर रबर बसवलं असेल किंवा रंग दिला असेल तर हे दिसत नाही. तेव्हा न लावलेली दुसरी बॅट मागावी.

भाच्याच्या समोरच्या पहिल्या बॅटीवर ग्रेड वन लिहिलेलं, बारा सरळ ग्रेन, वजन ११४० ग्रॅम, किंमत साडेएकोणीस हजार. दुकानदार "तुमच्यासाठी अठरा करतो" म्हणाले. दुसरी ग्रेड टू, सात ग्रेन, मधोमध दोन बटरफ्लाय, एका कडेला बोटभर लाल पट्टा, ११८० ग्रॅम, साडेबारा हजार. तिसरी ग्रेड वन, दहा ग्रेन, दुधासारखी पांढरी, कडा भरघोस जाड, तरी वजन फक्त ११२० ग्रॅम, किंमत १४ हजार. भाच्याचा डोळा तिसरीवर होता. कोणाचाही गेला असता.

तिन्हींची तुलना खरी कळायची तर प्रेसिंग समजून घ्यायला हवं, म्हणून इथे थोडं थांबतो.

विलो हे मूळचं फार मऊ लाकूड. ताज्या, न दाबलेल्या विलोवर नख रोवलं तर खूण उमटते. १५६ ते १६३ ग्रॅमचा कडक चेंडू त्यावर सोडला तर पहिल्याच फटक्याला खड्डा पडेल. म्हणून पातं घडताना ते प्रेसमधून काढतात. जड रोलर पात्यावरून पुन्हा पुन्हा फिरतो, चौरस इंचाला साधारण २००० पौंडांपर्यंत दाब देतो. विलोच्या आत उभ्या बारीक नळ्या असतात, हवेने भरलेल्या. रोलरखाली वरच्या काही मिलिमीटरमधल्या नळ्या चेपून बंद होतात आणि पृष्ठभागावर एक घट्ट कवच तयार होतं. आतल्या नळ्या मात्र तशाच मोकळ्या राहिल्या पाहिजेत. चेंडू सुमारे एक सहस्रांश सेकंदच बॅटीला चिकटलेला असतो. तेवढ्यात कवचाने त्याला खड्डा पाडू द्यायचा नाही आणि आतल्या लवचीक भागाने किंचित दबून त्याला परत फेकायचं. आपण जिला बॅटची जान म्हणतो ती या दोन थरांच्या समतोलात आहे.

दाब कमी पडला तर कवच पातळ राहतं. अशी बॅट दुकानात फार गोड लागते, चेंडू टप्प टप्प उसळतो, "रेडी टू प्ले" म्हणून विकली जाते. पण चेंडूच्या ताकदीतली काही खड्डा पाडण्यात जाऊ लागते, शिवणीचे ठसे खोल उमटतात, आणि कवच फुटलं की चिरा आत जातात. माझी पहिली इंग्लिश विलो अशीच होती. घेतली त्या दिवशी गल्लीत चेंडू आपटून बघितला आणि हरखून गेलो. पाचव्या सामन्यात टोपासून चार बोटं वर पुढचा पापुद्रा सुटून आला. दुकानदाराने "यॉर्करने झालं" म्हणून हात वर केले. यॉर्कर लागलाच नव्हता, हे मला आजही ठाम आठवतं.

दाब जास्त झाला तर उलट दुखणं. नळ्या खोलपर्यंत चेपल्या जातात, दबून परत यायला आत काही उरत नाही. ही बॅट टिकते खूप, खड्डे पडत नाहीत, पण चेंडू मेल्यासारखा पडतो आणि फटका हातात झिणझिणतो. ती महिनाभर ठोकली तरी पुरती खुलत नाही, कारण ठोकणं म्हणजे आणखी दाबणंच. कमी दाबलेल्या बॅटीवर मॅलेटने, म्हणजे लाकडी हातोड्याने, मेहनत घेऊन कवच वाढवता येतं, जास्त दाबलेलीवर मात्र काही उपाय नाही. म्हणून शंका आली तर किंचित मऊ बाजूला झुकावं, असं माझं मत झालं आहे. मात्र ठोकायची तयारी हवी.

किती दाबायचं ते फाकेवर ठरतं. एकाच झाडाच्या दोन फाका सारख्या नसतात. एक हलकी मोकळी, एक घट्ट. चांगला कारागीर प्रत्येक फाकेला किती फेरे द्यायचे ते हाताने आणि कानाने ठरवतो. सगळ्या फाका एकाच दाबाखालून काढल्या तर काही मेलेल्या निघणार आणि काही कच्च्या. म्हणूनच एका कंपनीच्या, एका ग्रेडच्या, एका किमतीच्या दोन बॅटी शेजारी ठेवल्या तरी एक बोलते आणि एक मुकी राहते. म्हणूनच न बघता मागवलेल्या बॅटीचा मला भरवसा वाटत नाही.

आता हे ओळखायचं कसं? उन्हाळ्यात माठ घेतो तसं, वाजवून.

हँडलच्या अगदी वरच्या टोकाला दोन बोटांत बॅट सैल धरायची, पातं खाली लोंबू द्यायचं. घट्ट धरली की आवाज बोटांतच मरतो. दुकानातला लाकडी मॅलेट घ्यायचा, नाहीतर जुना सीझन बॉल. टोपासून वर जात दर दोन बोटांवर हलके, सारख्याच जोराचे ठोके द्यायचे आणि ऐकायचं. चांगल्या दाबलेल्या बॅटीतून मोकळा, भरीव "टॉक" येतो, मॅलेट आपणहून मागे उडतो आणि हँडलमध्ये जवळपास काही जाणवत नाही. कमी दाबलेली "धप" करते आणि चेहऱ्यावर ठसा राहतो. जास्त दाबलेली कोरडा, टोकदार "टक" देते, मॅलेट उडत नाही आणि बोटांना झिणझिण लागते. एकच मॅलेट, एकच जोर, सगळ्या बॅटी एका बैठकीत, हे पाळलं तरच तुलना होते. चेहऱ्यावर अँटी-स्कफ पट्टी असेल तर आवाज थोडा बसका येतो, तेव्हा पट्टीवाली बॅट पट्टीवालीशीच ताडून बघावी. एकट्या बॅटीचा आवाज ऐकून निकाल देता येत नाही. माझा कानही तेवढा तयार नाही.

ऐकताना आणखी एक बघावं, चांगला आवाज किती लांबीपर्यंत पसरलाय ते. आपल्या बहुतेक मैदानांवर चेंडू फार उसळत नाही, तेव्हा टोपासून साधारण वितीपर्यंतचा भाग बोलका असलेली बॅट बरी.

आम्ही तिन्ही वाजवल्या. पहिली, बारा ग्रेनवाली, सुंदर बोलली. तक्रारीला जागा नव्हती, बजेट सोडून. तिसरी, पांढरी जाड कडांची, जिच्यावर भाच्याचा जीव जडलेला, ती टोपासून खांद्यापर्यंत एकसारखी "टक टक" करत राहिली. दुकानदार म्हणाले, "साहेब, नवीन आहे, खेळून खुलेल." मी भाच्याच्या हातात हँडल देऊन मधोमध तीन ठोके दिले. त्याने आपण होऊन बोटं झटकली.

तिचं कमी वजनही मला खटकलं होतं. इंग्लिश विलो वाळवून साधारण १० ते १२ टक्के ओलावा ठेवतात. जाड कडा आणि कमी वजन, दोन्ही एकत्र हवं असतं सगळ्यांना, आणि ते मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे लाकूड आणखी वाळवणं. खूप वाळलेलं लाकूड ठिसूळ होतं, कडेवरचे तुकडे उडतात. काही फाका निसर्गतःच हलक्या असतात हेही खरं, त्यामुळे हलकी बॅट दिसली की ती अतिवाळलेलीच, असं म्हणता येणार नाही. पण हलकी, जाड आणि आवाजाला कोरडी, तिन्ही एकत्र आल्यावर मी हात मागे घेतो.

दुसरी बॅट, डागांची. भाच्याने नाखुशीनेच धरली. टोजवळ जरा दबका आवाज, मग चार बोटांवरून पुढे वीतभर मोकळा "टॉक". मॅलेटने किंचित खूण उमटली, नखाला लागेल इतपत. म्हणजे दाब किंचित कमी बाजूला, ठोकावं लागणार. रेषा खांद्यापासून टोपर्यंत सरळ, टोवरही सरळ. बटरफ्लाय दोन्ही पात्याच्या मध्यावर, वरच्या अंगाला. वजन जास्त, म्हणून त्याला उभं करून दहा-बारा वेळा नुसता बॅकलिफ्ट करायला लावला. काट्यावर ४० ग्रॅम जड असलेली बॅट हातात हलकी लागू शकते, वजन खाली साचलंय की वर पसरलंय त्यावर ते असतं. पंधराव्या सेकंदाला तो म्हणाला, "मामा, ही त्या पांढऱ्यापेक्षा हलकी वाटतेय." काट्यावर ती ६० ग्रॅम जड होती. साडेबारा हजारात तीच घेतली, आणि उरलेल्यातून मॅलेट, कच्चं जवसाचं तेल आणि टो-गार्ड.

घरी आणल्यावरचं काम प्रेसिंगचाच पुढचा भाग आहे. आधी तेल. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेलही मिळतं, ते नको, कच्चंच हवं. चहाचा एक चमचा तेल मऊ फडक्यावर घेऊन चेहरा, कडा, टो आणि पाठीवर पातळ हात फिरवायचा. हँडल जिथे पात्यात शिरतं त्या इंग्रजी व्ही आकाराच्या जोडाला तेल लागू द्यायचं नाही, तिथला गोंद सैल होतो. बॅट आडवी ठेवून एक दिवस मुरू द्यायची, मग दुसरा हात. तिसऱ्याची बहुतेक गरज पडत नाही. बॅट तेलात भिजवून ठेवणारे मी पाहिलेत. तेल प्यायलेली बॅट जड होते आणि तिची उसळी जाते.

मग ठोकणं. भाच्याने रोज संध्याकाळी २० मिनिटं, असं तीन आठवडे केलं, एकूण सहा-सात तास. पहिला तास अगदी हलके, नंतर जोर हळूहळू वाढवत. चेंडू लागेल त्या सगळ्या जागेवर सारखं फिरायचं, मधोमधच बडवत बसायचं नाही. कडा सरळ बाजूने कधीच ठोकू नयेत, मॅलेट ४५ अंशांत तिरका धरून कडेचा कोपरा गोल करत जायचा. सामन्यात कट लागतो तो या कोपऱ्यावर, आणि न ठोकलेला तीक्ष्ण कोपरा पहिल्याच जाड कटला चिरतो. टोच्या खालच्या बाजूला आणि पाठीवर मॅलेट लावायचा नाही. झालंय की नाही ते बघायला जुन्या चेंडूने थोडे फटके मारायचे. शिवणीचे ठसे उमटले तर परत मॅलेटकडे. भाच्याच्या बॅटीवर दुसऱ्या आठवड्याअखेर ठसे उमटत होते, तिसऱ्याअखेर नुसती लाल धूळ लागायला लागली. मग दोन आठवडे नेट्समध्ये जुन्या चेंडूवर, आणि नवा चेंडू त्यानंतर.

मुंबईत पावसाळी क्रिकेट खेळणाऱ्यांना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग पावसाळी क्रिकेटसाठीच ओळखली जाते, आणि ओल्या गवतावर स्टान्स घेऊन टो आपटत राहिलं की उघड्या तंतूंच्या टोकांतून पाणी वर चढतं. टो फुगतो, कवच मऊ पडतं, मग उभी चीर जाते. टो-गार्ड आधी लावून घ्यायचं ते यासाठी. भिजलीच तर पुसून सावलीत आडवी ठेवायची, ऊन किंवा हेअर ड्रायर नको. भाच्याने पहिल्या पावसाळ्यात एकदा किटबॅगमध्ये ओलीच दोन दिवस ठेवली होती. सुदैवाने टो नुसता खरखरीत झाला, घासून परत तेल लावलं.

सीझन संपल्यावर ती बॅट मी हातात घेऊन बघितली. चेहऱ्यावर ग्रेनच्या दिशेने केसासारख्या चार-पाच बारीक चिरा होत्या. त्या होणारच, तिथे थोडं तेल आणि कडेला फायबर टेप पुरते. आडव्या चिरा किंवा नखाखाली उचलणारा पापुद्रा दिसला असता तर काळजी होती. तसं काही नव्हतं. बटरफ्लाय होते तिथेच, एकाच्या अंगावर चेंडूचा लाल ठसा. पुन्हा दोन बोटांत धरून वाजवली. टोजवळचा तो दबका आवाज गेला होता, मोकळा "टॉक" आता दोन बोटं खालून सुरू होत होता.